पार सोडायची की मोजून प्यायची?
(गावसभेच्या बैठकीतील बोलणे)



दारूचा विषय निघाला की बाया म्हणतात, पार बंद करा. गडी म्हणतात, सणाला, लग्नाला थोडी चालते. दोघांचंही खरं आहे, पण एकाच माणसासाठी नाही. म्हणून आधी माणूस ओळखू.

सकाळी दारू पोटात नसताना हात थरथरतात का? घाम सुटतो, जीव कासावीस होतो आणि घोटभर घेतली की बरं वाटतं का? असं असेल तर शरीर दारूला बांधलं गेलंय. अशा माणसाला 'दोनच पेले' सहसा जमत नाहीत. पहिला पोटात गेला की दुसऱ्याचं ठरवणं त्याच्या हातात राहत नाही. त्याला 'एकही नाही' हेच सोपं. देवाला धार द्यावी, आपल्या ओठाला लावू नये. काही महिने सोडून 'आता थोडी चालेल' म्हटलं, की बहुतेक वेळा तो जुन्या मापावर येतो.

ज्याला थरथर नाही, पिण्याला फार वर्षं झाली नाहीत, कामाचा खाडा होत नाही आणि घरचे पाठीशी आहेत, त्याला कमी करणं जमू शकतं. मात्र काविळीचा किंवा टीबीची औषधं घेणारा रोगी, गरोदर बाई आणि पिऊन घरात हात उचलणारा, यांच्यासाठी पूर्ण बंदच.

कमी करायची कशी, ते बघा. समजा, तिशीतला एक गडी ठरवतो: फक्त बाजाराच्या दिवशी, जेवून, दोन पेले, उधारी नाही. दर पेल्याला तो भिंतीवर कोळशाची एक रेघ मारतो. चार आठवड्यांनी आठ रेघा किंवा कमी असल्या तर त्याचं जमतंय. पंधरा-वीस झाल्या, किंवा रेघ मारायची शुद्धच राहिली नाही, तर माप त्याच्याकडून पाळलं जात नाही. मग त्याने पूर्ण सोडायचं ठरवावं. यात एक फसगत असते. पहिल्या धारेची मोहाची दारू कडक, शेवटची पातळ. पेला तोच, पण नशा वेगळी. म्हणून मोजून पिणाऱ्याने पहिल्या धारेची घेऊच नये.

आणि हे नीट ऐका. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू घरात एकदम तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस नसलेलं दिसतंय म्हणून बडबडतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्या, डॉक्टरला रोज किती पितो ते खरं सांगा आणि औषधाखाली सोडवा.

कोणती वाट धरायची, ते त्याच्या तोंडून येऊ द्या. आपण लादलेली वाट तो आपली पाठ फिरली की सोडतो. आपलं काम एवढंच, की चार आठवड्यांनी त्याच्यासोबत बसून रेघा मोजायच्या.