बल्बच्या यादीत काय लिहाल?

काटोलच्या बाजारात आपला गट बल्ब विकायला बसला आणि यादीत "पांढरा, भरपूर उजेड" एवढंच लिहिलं, तर घेणारीला काय समजणार? घरी गेल्यावर तो होल्डरमध्ये बसतच नाही, नाहीतर शिवायला उजेड पुरत नाही. मग बल्ब परत येतो.

म्हणून खोकं हातात घ्या. समजा त्यावर लिहिलंय: ९ वॅट, ९०० ल्युमेन, ६५०० केल्विन, बी२२.

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते. उजेड किती, हे ल्युमेन सांगतं. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन देतो. म्हणजे आपला बल्ब त्याच्याहून थोडा जास्त उजेड देणार.

केल्विन हा उजेडाचा रंग. २७०० ते ३००० असेल तर पिवळसर, ६५०० असेल तर पांढरा. आकडा मोठा म्हणून उजेड जास्त, असं नाही. शिवणकामात पिवळ्या उजेडात पांढरा आणि मोतिया दोरा सारखाच दिसतो, तिथे पांढरा बरा.

बी२२ म्हणजे दोन पिनांचा, ई२७ म्हणजे आट्यांचा, फिरवून बसवायचा. एक दुसऱ्याच्या होल्डरमध्ये बसत नाही.

आता यादीत लिहा: "एलईडी, ९ वॅट, ९०० ल्युमेन, जुन्या ६० वॅटपेक्षा थोडा जास्त उजेड, पांढरा ६५०० केल्विन, दोन पिनांचा बी२२." खोक्यावर ल्युमेन नसेल, तर वॅटवरून अंदाजानं लिहू नका. तेवढी जागा कोरी ठेवा आणि माल देणाऱ्याला विचारा.