अज्ञान मुलाचे बँकखाते आणि अज्ञानपालनकर्ता



विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आता बहुधा बँकेतील खात्यात जमा होते. त्यामुळे खाते कोणी उघडावे, सही कोणाची असावी, पैसे कोणी काढावे, हे प्रश्न पालक प्रथम शाळेतच विचारतात. त्यांचे उत्तर देताना एक गोष्ट मनाशी पक्की असावी. खाते मुलाचे असते, त्यातील पैसाही मुलाचाच असतो. बँकेच्या कागदावर ज्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे पडतात, तो अज्ञानपालनकर्ता त्या पैशाचा राखणदार होय, मालक नव्हे. खात्यासंबंधीचे बहुतेक तंटे हा भेद विसरल्यामुळे निर्माण होतात.

एक उदाहरण घेऊ. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबातील मुलगी चौथीत शिकते. आईवडील दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. मधले पाच-सहा महिने मुलगी आजीजवळ राहते. साहजिकच घरच्यांना वाटते की, सांभाळ आजी करते, तेव्हा खात्यावरही आजीचेच नाव असावे. आजी नातीला घेऊन बँकेत जाते आणि बँक नकार देते. हा नकार अडवणुकीचा नसून कायद्याला धरून आहे. सांभाळ करणे निराळे आणि कायद्याने पालक असणे निराळे. आई व वडील हे नैसर्गिक पालक होत. आजी, आजोबा, चुलता वा मामा यांना न्यायालयाने पालक म्हणून नेमले असेल, तरच बँक त्यांना मान्यता देते. मुलाचे आईवडील हयात नसतील, तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाप्रमाणे जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. गुरुजींनी किंवा मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्याचे अज्ञानपालनकर्ते म्हणून सही करणे हेही याच कारणास्तव चालत नाही.

वडील गावी नसतील तर काम अडते, असा समज अजून आढळतो. तो चुकीचा आहे. आईला पालक धरून मुलाचे ठेवखाते उघडू द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना कळविले होते. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात त्याचा पुनरुच्चार आहे. यास्तव आपल्या उदाहरणातील मुलीचे खाते आईने फडावर जाण्यापूर्वी उघडावे, हा सरळ मार्ग होय. त्यासाठी मुलीचा जन्मदाखला, तिचे आधारपत्र व छायाचित्र, तसेच आईची ओळख व पत्ता यांचे कागद लागतात. आईजवळ पॅन नसल्यास बँक तिच्याकडून त्यासाठीचा विहित नमुना भरून घेते. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते मागितल्यास दंडाची चिंता राहत नाही.

येथे शाळेच्या दप्तराचा संबंध येतो. या मुलीच्या जन्मदाखल्यावर १२ ऑगस्ट २०१६ ही तारीख आहे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात, जुन्या सवयीप्रमाणे, १ जून २०१६ लिहिली गेली आहे असे समजा. आज हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु खात्याची पुढील वाटचाल जन्मतारखेवरच अवलंबून आहे. शिष्यवृत्तीच्या यादीतील नाव आणि तारीख आधारपत्राशी न जुळल्यास रक्कमही अडकू शकते. म्हणून खाते उघडण्याआधीच जन्मदाखला, आधारपत्र व रजिस्टर ही तिन्ही समोर ठेवून नावातील प्रत्येक अक्षर ताडून पाहावे आणि चूक असल्यास रीतसर दुरुस्त करून घ्यावी.

आता खाते चालविण्याचा विचार करू. खाते आईच्या सहीने चालत असेल, तर आई फडावर असताना आजीला पैसे काढता येणार नाहीत. कोऱ्या पावत्यांवर आईचा अंगठा वा सही घेऊन ठेवणे, हा त्यावरील उपाय मुळीच नव्हे. अशा पावतीवर कोणी किती रक्कम काढली, याचा नंतर पत्ताही लागत नाही. मुलीला १२ ऑगस्ट २०२६ रोजी दहा वर्षे पूर्ण होतात. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने खाते उघडू व चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. मात्र रकमेची मर्यादा व अटी प्रत्येक बँक आपापल्या धोरणाप्रमाणे ठरविते, त्या शाखेतच विचाराव्यात. सही करता येणारी पाचवीची मुलगी मग आजीबरोबर जाऊन वह्यांपुरते पैसे स्वतः काढू शकते.

पालकाने पैसे काढावे ते मुलाच्या हितासाठी. समजा, खात्यात शिष्यवृत्तीचे व बचतीचे मिळून १,८०० रुपये साठले. मुलीच्या चष्म्यासाठी आईने त्यांतील ७०० रुपये काढले, तर ते तिच्या अधिकारात बसते. उरलेले १,१०० रुपये मुकादमाची उचल फेडण्यासाठी काढले, तर तो मुलीच्या पैशाचा दुरुपयोग होय. अडचणीतील कुटुंबाला हे सांगणे जड जाते, तरी सांगितले पाहिजे. पासबुकात दर वेळी नोंद करून घेतली आणि खर्चाची पावती त्यातच ठेवली, तर पुढे संशयाला जागा राहत नाही. या खात्यावर उचल मात्र कधीच मिळत नाही, शिल्लक शून्याखाली जाऊ द्यायची नाही, असा बँकांना दंडक आहे.

साध्या बचत खात्यात खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ काहीच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. पैसा बुडत नाही, पण ओळखीचे कागद पुन्हा देऊन खाते चालू करून घ्यावे लागते. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना हा नियम लावू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तेव्हा खाते कोणत्या प्रकारचे आहे, हे आरंभीच विचारून घ्यावे.

शेवटचा टप्पा सज्ञान होण्याचा. १२ ऑगस्ट २०३४ रोजी मुलीला अठरा वर्षे पूर्ण होतील आणि त्याच दिवशी आईचा अज्ञानपालनकर्ता म्हणून असलेला अधिकार संपेल. त्यानंतर आईच्या सहीची पावती बँक स्वीकारणार नाही. मुलीने स्वतः शाखेत जाऊन नमुना सही व खाते चालविण्याबाबतच्या नव्या सूचना द्यावयाच्या असतात आणि खाते पालकाने चालविले असल्यास शिल्लक बरोबर असल्याचे मान्य करावयाचे असते. हे न केल्यास ऐन महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी फीचे पैसे खात्यात असूनही हाती येत नाहीत.

गुरुजींचे काम यात मर्यादित, पण नेमके आहे. विद्यार्थ्यांची पासबुके व एटीएम कार्डे शाळेच्या कपाटात ठेवू नयेत, ती घरी असावीत. वर्गाच्या वहीत प्रत्येक खातेदार मुलापुढे अज्ञानपालनकर्त्याचे नाव, दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख आणि अठरा वर्षे पूर्ण होण्याची तारीख एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. मूल शाळा सोडून जाईल, तेव्हा दाखल्याबरोबर ती शेवटची तारीख पालकाला वाचून दाखवावी आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावयास सांगावे.