वरून येणारा पैसा आणि आपली ग्रामपंचायत

ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. जीएसटी, आयकर हे मोठे कर वर जमा होतात. गटाराचं काम मात्र गावाकडेच राहतं. म्हणून पैसा वरून परत यावा लागतो.

पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) हे अनुदान राज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिलं. समजा, तुमच्या गावाला १० लाख आले. त्यातले ६ लाख बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेले ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगारावर नाही.

शिवाय संस्था निवडून आलेली हवी. महाराष्ट्रात २०२२ पासून जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि त्यांच्या वाट्याचं अनुदान अडकलं. निवडणूक लांबवणाऱ्यांना त्याची झळ कुठे लागते?