एक चूल, एक गल्ला, पण करदाता कोण?

(मुदखेड येथील तरुणांच्या बैठकीतील भाषण)



आपल्या मुदखेडात तीन भाऊ, एक चूल आणि एक किराणा दुकान हे चित्र नवं नाही. शेजारच्या दुकानदाराचं 'एचयूएफ'च्या नावाने वेगळं पॅनकार्ड असतं. मग पोरं विचारतात, "आम्हीही एकत्रच राहतो, आम्हाला ते का मिळत नाही?"

१९६१च्या आयकर कायद्याने व्यक्ती, भागीदारी फर्म आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना वेगवेगळे करदाते मानलं. अविभक्त कुटुंब करार करून बनत नाही. ते हिंदू कायद्यातून येतं आणि जैन, शीख, बौद्धांनाही लागू होतं. तिथे मूल जन्मताच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळतो. शरियतमध्ये जन्माने हक्क नाही, वारसा मृत्यूनंतरच उघडतो. म्हणून आपलं कुटुंब कितीही एकत्र असलं तरी कायद्यासमोर प्रत्येक जण स्वतंत्र व्यक्ती आहे.

एचयूएफचा फायदा असा, की सभासदांच्या स्वतःच्या उत्पन्नाशिवाय कुटुंबाला करमुक्त मर्यादा आणि टप्पे वेगळे मिळतात. आपल्याकडे उरतात दोन वाटा: एकाच्या नावावर धंदा किंवा भागीदारी.

हिशेब करून पाहू. दुकानाचा वर्षाचा नफा १८ लाख धरा, दुसरं उत्पन्न नाही. सगळं थोरल्या भावाच्या नावावर असेल तर २०२५-२६च्या नव्या करपद्धतीत सेससह कर १,६६,४०० रुपये. आता तिघांची भागीदारी घ्या. काम करणाऱ्या भागीदारांना कायद्याच्या मर्यादेत १२ लाख ६० हजार मेहनताना देता येतो. प्रत्येकाला ४ लाख २० हजार मिळाले, तर सवलतीमुळे त्यांच्यावर कर शून्य. फर्मकडे उरलेल्या ५ लाख ४० हजारांवर मात्र सरसकट ३० टक्के, सेससह १,६८,४८० रुपये. उरलेला नफा भावांनी वाटून घेतला तर त्यावर पुन्हा कर नाही. म्हणजे कर जवळपास सारखाच.

मग भागीदारी कशासाठी? मालकीसाठी. सगळे कागद थोरल्याच्या नावावर आहेत आणि उद्या तो गेला, असं समजा. त्याला मुलगा असेल तर धाकट्या भावांना वारसाने काहीच मिळत नाही. मुस्लिम कायद्यात, एकत्र राहिलात म्हणून कमाई सामायिक होती असं कोर्ट आपोआप धरत नाही. वीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्याला आपला हिस्सा पुराव्याने सिद्ध करावा लागतो, तोही आपल्याच पुतण्यांविरुद्ध.

म्हणून करारपत्र लिहा. त्यात प्रत्येकाचं भांडवल, नफ्यातला हिस्सा आणि मेहनताना स्पष्ट हवा. मेहनताना करारात नसेल तर फर्मच्या नफ्यातून त्याची वजावट मिळत नाही. एखादा भागीदार वारला तरी फर्म चालू राहील, हेही लिहा, नाहीतर ती विसर्जित होते. फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला येणं वसूल करायला सहसा दावा लावता येत नाही.

आज घरी जाऊन एवढंच बघा: दुकानाचं पॅन, जीएसटी आणि बँक खातं कुणाच्या नावावर आहे? आणि गल्ल्यावर कोण कोण बसतं?