पहाटेची पिवळी उलटी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभेत आजवर मुलांच्या आजारांवर, पथ्यपाण्यावर पुष्कळ बोलणे झाले. मी आज बोलणार आहे ते आमच्या मोत्याविषयी, म्हणजे आमच्या कुत्र्याविषयी. काहीजणी हसतील. पण आपल्या आळीत घरटी नसले तरी दोन घरांआड एक कुत्रे आहे, आणि त्याचे दुखणेखुपणे अखेर घरातल्या बाईकडेच येते. शिवाय या गोष्टीत माझ्या हातून शेजारधर्माची एक चूक घडली आहे. तीही आज सांगून टाकावयाची आहे.

मोत्या गावठी, चार वर्षांचा, वजनाने पंधरा किलो. गेल्या दिवाळीनंतर तो पहाटे साडेपाचच्या सुमारास उलटी करू लागला. आधी पोट आतबाहेर हलायचे, घशातून आवाज यायचा, आणि मग फरशीवर पिवळा, फेसाळ, चिकट असा थोडासा पदार्थ पडायचा. त्यात अन्नाचा कण नसे. पाच मिनिटांनी स्वारी शेपटी हालवीत पुन्हा हजर!

आता मी काय केले ते ऐका. आपल्याकडे पोट बिघडले की लंघन. मी त्याला सकाळचे काही द्यायचेच बंद केले. पहिले जेवण दुपारी साडेबाराला. उलट्या कमी होण्याऐवजी वाढल्या. मग थंड दूध पाजून पाहिले, तर त्याला जुलाब झाले. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, हे मला पुढे कळले.

तेवढ्यावर थांबते तर बरे होते. पण माझ्या मनात संशय शिरला. आमच्या पलीकडे काकू राहतात. त्या रोज रात्री निजण्यापूर्वी मोत्याला चतकोर भाकरी घालीत. दिवाळीत त्यांनी कांद्याची भजी घातली आणि त्याचे पोट बिघडले, तेव्हा मी त्यांना, यापुढे त्याला काही घालू नका, म्हणून सांगितले होते. उलट्या सुरू झाल्यावर मला वाटले, काकू अजून चोरून काहीतरी घालीत असणार. मी कुंपणाशी उभी राहून त्यांना नको ते बोलले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले.

शेवटी सुनेने सुचविले, "आई, वहीत लिहून ठेवू या." तिने बारा दिवस मोत्याच्या खाण्याची आणि उलटीची वेळ टिपली आणि आम्ही दोघी त्याला घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. डॉक्टरांनी वजन केले, हिरड्यांचा रंग पाहिला, पोट चाचपले, जंतांसाठी शौच तपासली आणि थोडे रक्तही घेतले. त्यात काही निघाले नाही. मग त्यांनी वही वाचली. बारा दिवसांत पाच वेळा उलटी, पाचही वेळा पहाटे. मात्र दोन रात्री पाहुण्यांमुळे पंगती उशिरा उठल्या आणि मोत्याला अकराच्या सुमारास घास मिळाला होता. त्या दोन्ही पहाटे काही झाले नव्हते. "एरवी शेवटचे जेवण कधी?" त्यांनी विचारले. "संध्याकाळी साडेसहाला," मी म्हणाले. म्हणजे साडेसहा ते दुसऱ्या दिवशी साडेबारा, अठरा तास पोट रिकामे!

त्यांनी समजावले ते असे. यकृतात पित्त तयार होते आणि ते लहान आतड्यात उतरते. त्याची जागा तिथेच. काही कुत्र्यांत पोट फार वेळ रिकामे राहिले की त्यातले थोडे पित्त उलटे जठरात चढते. तिथे त्याला मिसळायला अन्न नसते, म्हणून ते अस्तराला झोंबते आणि बाहेर पडते. पिवळा रंग पित्ताचा. फेस होतो तो लाळ, चिकटा आणि हवा घुसळून. काही कुत्र्यांतच असे का होते हे नक्की सांगता येत नाही, आणि यासाठी निराळी अशी तपासणीही नाही. दुसरे कारण नाही ना, हे आधी पाहायचे आणि मग जेवणाच्या वेळा बदलून पाहायच्या.

मग त्यांनी सहज विचारले, "पूर्वी याला रात्री काही मिळत असे का?" सून म्हणाली, "पलीकडच्या काकू भाकरी घालीत. दिवाळीपासून बंद केली." मी मान खाली घातली. ज्या चतकोर भाकरीने मोत्याची पहाट निभावत होती, तीच मी बंद पाडली होती!

आता आम्ही काय बदलले ते सांगते. मोत्याचा दिवसाचा खुराक सहा वाट्या, भात आणि उकडलेले मांस कालवून. पूर्वी दुपारी तीन आणि संध्याकाळी तीन असे देत होतो. आता सकाळी साडेसहाला दोन, दुपारी दीडला दोन, संध्याकाळी सातला एक आणि रात्री साडेदहाला एक. बेरीज सहाच राहते, हे ध्यानात ठेवा. रात्रीचा घास वरचा म्हणून घातला तर उलटी थांबेल, पण कुत्रे लठ्ठ होईल. रात्रीचा घास साधा असावा; तेल-तिखट नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण ते कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतात. खाल्ल्यावर अंगणात एक फेरी मारून आणावी, म्हणजे रात्री दार खरवडीत नाही.

पहिल्या आठवड्यात एकदा उलटी झाली, आणि त्या रात्री घास द्यायचा राहून गेला होता. त्यानंतर नाही. वेळा बदलूनही आठ-दहा दिवसांत फरक न पडला तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. आम्ल कमी करणारी किंवा जठराची हालचाल सुधारणारी औषधे असतात. पण ती वजन पाहून डॉक्टरांनी द्यायची, आपल्या कपाटातली गोळी घालायची नाही.

आणखी एक सांगते, कारण उद्या कोणी माझ्या भरवशावर स्वस्थ बसू नये. प्रत्येक पिवळी उलटी ही अशी नसते. उलटी दिवसातून अनेकदा होत असेल, तीत रक्त असेल, कुत्रे खात नसेल, मलूल असेल किंवा वाळत असेल, तर वेळा बदलीत बसू नका. लस न टोचलेल्या पिल्लाला उलटी आणि जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पोट ढोलासारखे फुगून नुसते उमाळे येत असतील, बाहेर काहीच पडत नसेल, तर तासभरही थांबू नका. आमचा मोत्या उलटीनंतर खेळत होता, खात होता, म्हणून वहीला बारा दिवस मिळाले. आणि ही सारी गोष्ट कुत्र्याची आहे. माणसाच्या पित्ताला ती लावू नये.

काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. वहीचा उलगडा झाला त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल केली. पण बोलले होते ते चार जणींच्या कानांवर गेले होते, म्हणून माफीही चार जणींसमोर मागते. रात्री साडेदहाचा घास आता काकूच घालतात. वाटी आमच्याकडची, हात त्यांचा. मोत्या दहापासूनच कुंपणाशी जाऊन बसतो.