पँटचं बटण आणि छातीतली जळजळ

"मी कुठे जाड आहे? मग जळजळ का?" असं मला खूपजण विचारतात. अहो, काट्याआधी पँटचं बटण बघा. पोटातली चरबी जठर दाबते, अन्ननलिकेच्या तळाची झडप तो दाब पेलत नाही, आणि आम्ल वर येतं. बूट बांधायला वाकलात की जास्तच!

अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात 2006 साली दिसलं, की नॉर्मल वजनाच्या बाईचाही बीएमआय 3.5 पेक्षा जास्त वाढला, तर वरचेवर जळजळ होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट. 170 सेंटीमीटर उंचीला हे 10 किलो झाले. तेवढं उतरवलेल्यांत ती शक्यता सुमारे 40 टक्के कमी. सगळे 10 एकदम नकोत. थोडं उतरलं तरी दाब हलका होतो. मात्र घास अडकत असेल, तर वजन उतरायची वाट न बघता डॉक्टर गाठा.