खाते झोपते कसे आणि जागे करायचे कसे



एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड परिसरात २०२१ साली लोहखनिजाचे काम नव्याने सुरू झाले आणि आजूबाजूच्या गावांतील अनेक तरुण तिथे कामाला लागले. पगार बँकेत जमा व्हायचा म्हणून पगाराचे नवे खाते उघडले गेले. मात्र घरात जुने पासबुक आधीपासून होतेच, रोजगार हमीच्या मजुरीसाठी, धानाच्या पैशासाठी किंवा तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी काढलेले. नवे खाते वापरात आले, जुने पत्र्याच्या पेटीत गेले. आज मला या पेटीतल्या खात्याविषयी बोलायचे आहे.

अशाच एका खातेदाराची गोष्ट सांगतो. त्यांनी जुन्या खात्यातून शेवटचे पैसे काढले १८ मार्च २०२३ रोजी. पुढे पगाराच्या खात्यावर भागत गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात घरच्यांनी तेंदूपत्ता तोडला आणि मजुरीसाठी याच जुन्या खात्याचा नंबर दिला. जूनमध्ये पैसे जमा झाल्याचे कळले, म्हणून ते गावातल्या बँक मित्राकडे गेले. अंगठा लावला, पण व्यवहार काही होईना. त्यांना वाटले, पैसे आलेच नाहीत. ते माझ्याकडे पासबुक घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, खाते तर चालू आहे. बघा ना, दर तीन महिन्यांनी नोंद पडते आहे."

मी म्हटले, "दादा, या नोंदी तुमच्या नाहीत, बँकेच्या आहेत."

सगळी मेख इथेच आहे. बँक दर तिमाहीला व्याज जमा करते, कधी एसएमएसचे शुल्क कापते. या नोंदी संगणक आपोआप करतो. खाते जिवंत आहे की नाही हे ठरवताना बँक त्या धरत नाही. ती पाहते खातेदाराने स्वतः काय केले ते. पैसे भरणे, काढणे, पाठवणे, अंगठा लावून रक्कम घेणे, एटीएमवर शिल्लक तपासणे, केवायसीचे कागद नव्याने देणे, ही झाली खातेदाराची हालचाल. अशी एकही हालचाल दोन वर्षांहून अधिक काळ झाली नाही, की बचत खाते निष्क्रिय ठरते. नुसते पासबुक छापून आणले म्हणजे झाले, या भरवशावर मात्र राहू नये.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक खात्याचा हिशेब वेगळा असतो. त्याच बँकेत, त्याच शाखेत तुमचे पगाराचे खाते रोज चालत असले, तरी त्याने जुने खाते जागे राहत नाही.

आता वरच्या तारखा मांडून पाहू. शेवटची हालचाल मार्च २०२३ ची. एक वर्ष झाले मार्च २०२४ मध्ये. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार बँकेने वर्षातून एकदा तरी अशी खाती तपासायची असतात आणि ज्या खात्यात वर्षभर हालचाल नाही, त्या खातेदाराला पत्राने, एसएमएसने किंवा ई-मेलने कळवायचे असते. येत्या वर्षभरातही व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होईल, असा त्याचा मजकूर असतो. म्हणजे इशारा मिळाल्यावर हाती पुष्कळ महिने असतात. त्या काळात शंभर रुपये भरले किंवा काढले, तरी काम भागते.

आमच्या या दादांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. खात्याला जोडलेले सिम त्यांनी केव्हाच बंद केले होते. मार्च २०२५ मध्ये दोन वर्षे उलटली आणि जूनमध्ये पैसे आले ते झोपलेल्या खात्यात. निष्क्रिय खात्यात पैसे येऊ शकतात, बाहेर निघत नाहीत. दार आत उघडते, बाहेर नाही. त्यांची मजुरी खात्यात सुरक्षित होती.

एसएमएस बहुधा इंग्रजीत येतो. त्यात INOPERATIVE किंवा DORMANT हा शब्द दिसला, तर तो या निष्क्रियतेचा. नुसते KYC चे नाव असेल तर मुदत संपलेले कागद नव्याने मागितले आहेत, असे समजावे. ती अडचण वेगळी आहे आणि रोज चालणाऱ्या खात्यालाही येते. संदेशात एखादी लिंक दाबायला, एखादे अॅप उतरवायला किंवा ओटीपी सांगायला म्हटले असेल, तर ती फसवणूक समजा. काहीही न दाबता पासबुक घेऊन शाखेत जा.

खाते जागे करायला काय लागते? पासबुक, आधार कार्ड, पॅन कार्ड किंवा ते नसल्यास फॉर्म ६०, एक फोटो आणि साधा अर्ज. अर्जात सध्याचा मोबाईल नंबर आणि पत्ता आठवणीने लिहा, नाहीतर पुढचा इशाराही जुन्याच सिमवर जाईल. मूळ शाखेतच गेले पाहिजे असे नाही, त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेने हे कागद घ्यायचे आहेत. जून २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने या कामासाठी बँक मित्रांची मदत घ्यायलाही परवानगी दिली आहे. आपल्या बँकेने ती सोय सुरू केली आहे का, एवढे आधी विचारून घ्या. जंगलातल्या वाटेने एक फेरी वाचते.

अर्ज दिला की तारखेसह पोच घ्या. कागद पूर्ण असतील, तर कामकाजाच्या तीन दिवसांत खाते सुरू व्हायला हवे. यासाठी एक रुपयाही शुल्क नाही. खाते निष्क्रिय असताना किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि त्या काळातले व्याजही मिळते. कोणी पैसे मागितले किंवा काम अडवले, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

दादांचे खाते सुरू झाले, तेव्हा मी त्यांना लगेच दोनशे रुपये काढायला लावले. आता पासबुकात त्यांची स्वतःची नोंद आहे आणि पुढची दोन वर्षे तिथून मोजायची.

आणि दहा वर्षे उलटून गेली असतील तर? मग बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा करते. तरीही पैसा तुमचाच किंवा तुमच्या वारसांचाच राहतो. मागणी मात्र त्याच बँकेकडे करायची. वडिलांचे खाते कुठे होते हे ठाऊक नसेल, तर udgam.rbi.org.in या संकेतस्थळावर अनेक बँकांतली अशी नावे एकत्र शोधता येतात.

सरकारी योजनेचे किंवा शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात, ती खाती बँकेने वेगळी नोंदवायची असतात, म्हणजे वापर नाही म्हणून ती निष्क्रिय होत नाहीत. तुमच्या खात्याची तशी नोंद आहे का, हे शाखेत विचारा. आज घरी पेटी उघडाल तेव्हा पासबुकाचे शेवटचे पान पाहा. व्याज आणि शुल्क सोडून, तुमच्या हाताने झालेली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, ती शोधा. तिला वर्ष होऊन गेले असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी पासबुक सोबत घ्या.